फोनवरचं खोटं वाचकाला कसं ऐकू येतं

प्रश्न: माझ्या कथेतला नायक दूरच्या शहरात बांधकामावर आहे. रोज संध्याकाळी आईला फोन करतो आणि एकटेपणा लपवतो. मसुद्यात तो फोन ठेवल्यावर रडतो, पण ते वाचताना मलाच खोटं वाटतं. आईला कळू नये पण वाचकाला कळावं, हे कसं साधू?

उत्तर:

रडण्याचं वाक्य काढून टाका. फोन ठेवल्यावर तो रडला की वाचकाला शोधायला काही उरत नाही, आणि तोवर फोनवर जे काही झालं ते नुसती प्रस्तावना होऊन बसतं. लपवणारा माणूस फोन चालू असताना राबत असतो, तेव्हा कथा तिथेच घडायला हवी.

त्याला एक ठरावीक खोटं द्या, आणि ते रोज जपायला लावा. "मी मजेत आहे" यात जपण्यासारखं काही नाही. समजा तुमच्या नायकाचं नाव महादू आहे. सुरुवातीला त्याच्या खोलीत किसन नावाचा जोडीदार होता. दोघांचं जमायचं, आणि किसनच्या गोष्टी ऐकून आईलाही बरं वाटायचं. मग किसन दुसऱ्या कंत्राटदाराकडे निघून गेला आणि महादूने ते घरी सांगितलंच नाही. आता फोनवर किसन अजून खोलीतच आहे. तो काय म्हणाला, कशावरून हसला, हे महादूला रोज नव्याने रचावं लागतं. दिवसभर काम करताना तो संध्याकाळसाठी किसनचं एखादं वाक्य जमवत असतो. एकटेपणा हा शब्द कथेत एकदाही न येता तो किती खोल गेलाय, हे एवढ्यावरून कळतं.

किसनला मारू नका, असं मी मुद्दाम सांगतो. मेलेल्या मित्राविषयी खोटं बोलणारा माणूस ही वेगळी कथा आहे आणि ती तुमच्या कथेला गिळून टाकेल. इथे जोडीदार फक्त दुसऱ्या साइटवर गेलाय, आणि अशी साधी गोष्टसुद्धा महादूला घरी सांगता येत नाही.

आता रोजचा फोन बघा.

"जेवलास का रे?"
"बसणारच होतो. किसन थांबलाय."
"मग जेव की आधी. त्याला कशाला ताटकळत ठेवतोस?"
"असू दे. पायरीचा दगड हलत होता, तो बसवला का?"
"बसवला ना. परवाच सांगितलं तुला."
"हो, सांगितलंस. अन् पाण्याची मोटर?"
"चालू आहे. जा, जेव जा."
"हो, ठेवतो. आक्काची पोरं आली होती का?"

जोडीदार ताट घेऊन वाट बघत असता तर महादूने घाई केली असती. तो घाई करत नाही. ठेवतो म्हणतो आणि पुन्हा विचारतो. उत्तर ठाऊक असलेलंही विचारतो, कारण त्याला उत्तर नको आहे, आवाज हवा आहे. स्वतःविषयी मात्र एका वाक्यापलीकडे जात नाही. एकटेपणा लपवणारी माणसं अशीच बोलतात, सांगतात कमी आणि विचारतात जास्त. या संवादात "तो क्षणभर थांबला" किंवा "त्याचा आवाज जड झाला" असलं काही घालू नका. तशी वाक्यं वाचकाच्या आधी धावतात.

आजचा वाचक एक प्रश्न नक्की विचारेल: व्हिडिओ कॉल का नाही? त्याची सोय पहिल्याच पानावर करून ठेवा. कॅमेरा लावला तर किसनची रिकामी जागा दिसेल, म्हणून महादूने घरी सांगून ठेवलंय की फोन पडला आणि कॅमेरा गेला. शिवाय बोलताना तो खोलीत बसतच नाही. जिथे चार माणसांचे आवाज असतील अशा ठिकाणी, पाण्याच्या टाकीपाशी, जाऊन उभा राहतो. आईला मागून हसणं ऐकू येतं. तिथली माणसं आपसात बोलत असतात, महादूशी नाही. हे एका वाक्यात सांगून पुढे जा.

मग कथेला वळण हवं. गावाकडून येणाऱ्या कुणाबरोबर आई दोन स्वेटर पाठवते, एक महादूला, एक किसनला. मला हा प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे खोट्या माणसाला अंगाचं माप लागतं. दुसऱ्या दिवशी आई विचारणार हे महादूला ठाऊक असतं. तो किसनचा स्वेटर स्वतः घालून बघतो. त्याने किसनला धिप्पाड सांगितलेलं असतं, म्हणून महादूला बाह्या लांब होतात. स्वेटर काढून तो नीट घडी घालतो. इथे सावकाश लिहा, अर्धं पान गेलं तरी चालेल.

"बसला का किसनला?"
"खांद्यात बसला. बाह्या जरा लांब आहेत म्हणाला."
"दुमडून घाल म्हणावं. दे बरं फोन त्याच्याकडे."
"अंघोळीला गेलाय."
"आत्ता?"
"आज स्लॅब होता. सगळ्यांनाच उशीर झाला."
"बरं."

हे शेवटचं खोटं वाचकाच्या हाती लागावं यासाठी तयारी आधी करावी लागते. स्लॅबचं काँक्रीट मध्येच सोडता येत नाही. आधीचं घट्ट होऊ लागलं की त्यावर नंतर टाकलेलं नीट एकजीव होत नाही, सांधा कच्चा राहतो. म्हणून त्या दिवशी काम संपेपर्यंत कुणी सुटत नाही. कथेच्या सुरुवातीला सहज लिहून ठेवा की स्लॅबच्या दिवशी महादूचा फोन नऊनंतर येतो, एरवी सातला. स्वेटरच्या दिवशी तो सातलाच आलेला असू द्या. संवादात वेळेचा उल्लेख नको, वर कुठेतरी असला की पुरे. वाचक स्वतः जोडून घेईल. आईनेही जोडलं का, हे तिच्या "बरं" वरून ठरवता येऊ नये. नंतर तिच्या तोंडी "मला ठाऊक होतं" घालायचा मोह होईल, पण तसं केलंत तर कथा आईच्या समजूतदारपणाची होईल आणि महादू बाजूला पडेल.

एक गोष्ट क्रियापदांची. "रोज" असल्यामुळे तुमचा सगळा मसुदा करायचा, बोलायचा, सांगायचा असा रीतिभूतकाळात गेला असण्याची शक्यता आहे. तो काळ सवय दाखवायला उत्तम आहे, पण त्यात काही घडत नाही. पहिलं पाऊण पान तसं लिहा, कॅमेरा, टाकी आणि स्लॅब तिथेच येऊ द्या. रोजच्या फोनचा संवादसुद्धा एका ठरावीक संध्याकाळचा करा. तिथून पुढे केला, म्हणाला, घातला.

शेवटासाठी मी "बरं" नंतर अजून एकच बोलणं ठेवीन. आई विचारते, त्याच्या बाह्या किती लांब आहेत, पुढच्या खेपेला बरोबर विणते. आणि महादूला बोटांत माप सांगावं लागतं.