आधी नाव, मग किल्ली

चि.,

तुझा मेसेज वाचला. सांगलीच्या मावसभावाची 2017 ची वॅगनआर, दोन लाख साठ हजारात. एक लाख आत्ता, बाकीचे जमतील तसे. गाडीवर दादाने काढलेलं कर्ज थोडं शिल्लक आहे, त्याचे हप्ते तोच भरत राहणार. नाव दिवाळीनंतर 'सावकाश' करायचं. आणि तुझा प्रश्न काय, तर "काका, दादाकडे कागद मागितला तर त्याला काय वाटेल?"

त्याला वाईट वाटेल. मग? वाटू दे. आधी नाव, मग किल्ली.

विमा कंपनीत मोटारचे क्लेम बघण्यात माझी नोकरी गेली. तिथली एक फाइल तुला सांगतो. एकाने मेहुण्याला गाडी दिली. पैसे पूर्ण मिळाले, नाव बदलायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या आणि ते फॉर्म गाडीच्या डॅशबोर्डात पडून राहिले. दरम्यान विम्याची मुदत संपत आली. आठवणीचा मेसेज गेला जुन्या मालकाच्या मोबाइलवर, कारण कंपनीकडे नंबर त्याचाच. त्याने पाहिला आणि सोडून दिला. गाडी आता आपली कुठे आहे! मेहुण्याला मेसेज आलाच नाही. विमा संपला आणि त्यानंतर त्या गाडीखाली एक दुचाकीस्वार गेला. अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आली ती गाडी विकून मोकळ्या झालेल्या माणसाच्या घरी.

यात कायद्याचा गोंधळ काहीच नाही. नुकसानभरपाईच्या बाबतीत आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे स्पष्टच सांगितलं. तिथे तर गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, तरी जबाबदारी नोंदणीतल्या मालकावरच आली. म्हणजे नाव लांबवण्यात जास्त धोका तुझ्या दादाला आहे. हे त्याला सांग. "तुझ्यावर विश्वास नाही" असं नाही, "उद्या माझ्या हातून कुणाला धक्का लागला तर कोर्टात तू उभा राहशील" असं सांग.

तुझा धोका वेगळा आहे. विमा दादाच्या नावावर आणि गाडी तुझ्या ताब्यात असताना ती ठोकलीस, तर समोरच्याची भरपाई विम्यातून होईल. पण तुझ्या बंपर-बॉनेटचे पैसे मागायला गेलास की कंपनी विचारणार, तुम्ही कोण? तुझा तिच्याशी करार नाही आणि दादाचं गाडीत आता काही उरलेलं नाही. म्हणून खरेदी झाल्यापासून 14 दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्यायचा. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो दादाचा. त्या सवलतीचा उरलेल्या मुदतीपुरता फरक तुला भरावा लागेल. तेवढ्यासाठी घासाघीस करू नकोस.

आता तुझा व्यवहार. बँकेचं 68,000 देणं आहे म्हणतोस. आरसीवर बँकेचा बोजा असताना बँकेच्या संमतीशिवाय गाडी तुझ्या नावावर होत नाही, ही साधी गोष्ट दादाने सांगितली नाही की तू विचारली नाहीस, देव जाणे. 'हप्ते तोच भरेल' हे आधी डोक्यातून काढ. त्याने चार हप्ते चुकवले तर गाडी उचलायला माणसं तुझ्या दारात येतील. तुझ्या हातातले पहिले 68,000 दादाला द्यायचेच नाहीत, थेट कर्जखात्यात भरायचे. आणि ही रक्कम गाडीच्या किमतीपोटी मिळाली, असं दादाकडून सहीनिशी लिहून घ्यायचं. मग बँकेची एनओसी आणि 35 नंबरचा फॉर्म घेऊन बोजा उतरवायचा. त्यानंतर 29 आणि 30 चा अर्ज. तो दाखल होऊन पावती हातात आली की दादाच्या खात्यात 1,42,000. राहिलेल्या पन्नास हजारांसाठी दहा-दहा हजारांचे पाच पुढच्या तारखांचे चेक दे. गाडी तुझी झालेली असताना त्याचे पैसे अडकलेत, तेव्हा त्याच्याही हातात काहीतरी पाहिजे ना! एमपरिवाहन ॲपवर तुझं नाव दिसलं की किल्ली घे. तोवर गाडी त्याच्याच दारात राहू दे.

कुणीतरी सांगेल, बाँडपेपरवर लिहून नोटरी करा, झालं. नाही झालं. तो कागद तुमच्या दोघांतला; त्याने आरटीओची नोंद बदलत नाही. कागद कर, पण नावाच्या जोडीला. त्यात गाडीचा नंबर, चासी नंबर, किलोमीटरचं रीडिंग, एकूण किंमत, चेकच्या तारखा आणि ताबा दिल्याची तारीख वेळेसकट घाल. वेळ मी उगाच म्हणत नाही. सकाळी दादाने सिग्नल तोडला आणि दुपारी तू गाडी घेतलीस, तर तो ई-चलनाचा दंड कुणाचा? आधीचे दंड बघून घे आणि त्याच्याकडून भरून घे.

आणि गाडी सांगलीतली आहे, याचा तू विचारच केलेला दिसत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ही गाडी कुठे उभी होती? 2021 च्या जुलैत? सरळ विचार. उत्तर काहीही येवो, ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढ. रोज वापरात येणारा भाग धुऊन स्वच्छ करतात, पण आत गुंडाळलेल्या टोकावर गढूळ पाण्याची रेघ राहून जाते. सीटखालच्या पट्ट्यांचा गंज बघ, स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात बोटं फिरव. बारीक गाळ हाताला लागला तर किंमत कमी करत बसू नकोस, गाडी सोड. वायरिंगमध्ये पाणी गेलेली गाडी वर्षभरानेही रडवते. सर्व्हिस सेंटरमधून जुनी नोंद काढायला दादाला बरोबर ने. मेकॅनिक आपला ने, त्याचा नको.

माझ्या बहिणीच्या यजमानांची गाडी मी घेतली तेव्हा हेच सगळं केलं. नाव होईपर्यंत किल्लीला हात लावला नाही. "आमच्यावर भरवसा नाही" असं त्यांनी भाऊबीजेला चारचौघांत बोलून दाखवलं आणि पुढची दोन-तीन वर्षं आमच्यात कोरडंच होतं. बहिणीला त्याचा त्रास झाला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण वागलो ते चुकीचं वाटत नाही. आत्ता पुन्हा वेळ आली तरी तसाच वागेन. लोक म्हणतात मी व्यवहारी आहे. असेन. त्या नोटिशीचा कागद हातात धरून माझ्या टेबलासमोर बसलेला माणूस त्यांनी पाहिलेला नाही.

दादाशी तू बोल, मला मध्ये घालू नकोस. बँकेचं फोरक्लोजरचं पत्र मात्र आल्याबरोबर मला पाठव. त्यात पैसे भरायच्या तारखेपर्यंतचं व्याज आणि मुदतीआधी कर्ज फेडण्याचा आकार धरलेला असतो. 68,000 हा दादाने तोंडी सांगितलेला आकडा आहे, आणि जास्तीचे कुणी भरायचे हे अजून ठरलेलं नाही.

तुझा,
काका