एकच गेम, दोन फोन: जुन्या स्टोरेजवर लोडिंग इतकं का रेंगाळतं?

प्रश्न: माझ्याकडे जुना फोन आहे, भावाकडे दोन वर्षांपूर्वीचा. रॅम दोन्हीत ६ जीबी, गेम तोच, वायफाय तेच. त्याचा मॅप उघडतो तेव्हा माझ्याकडे अजून लोडिंगची पट्टीच फिरत असते. दुकानदार म्हणाला, "तुमचं स्टोरेज ईएमएमसी आहे, त्याचं यूएफएस." यानं खरंच एवढा फरक पडतो का? आणि नेमकं बदलतं काय?

उत्तर:

दुकानदार बरोबर बोलला, पण अर्धंच. मी मोबाइल गेमच्या लोडिंगवरच काम करतो, त्यामुळे हा वाद ऑफिसातही रोजचाच. फरक पडतो, आणि बऱ्यापैकी पडतो. फक्त तो "यूएफएसचा वेग जास्त" एवढ्यावर थांबत नाही.

लोडिंगची पट्टी फिरत असताना फोन काय करतो ते आधी बघा. गेमची चित्रं, आवाज, नकाशे, पात्रांचे साचे हे सगळं मोठाल्या पॅक फाइल्समध्ये दाबून भरलेलं असतं. फोन त्यातला हवा तो भाग स्टोरेजवरून उचलतो, प्रोसेसर तो उलगडतो म्हणजे डीकॉम्प्रेस करतो, त्यातून गेमला लागणाऱ्या वस्तू रॅममध्ये मांडल्या जातात आणि टेक्स्चर ग्राफिक्सकडे जातात. यातलं पहिलं काम तेवढं स्टोरेजचं. बाकीचं प्रोसेसरचं.

आता ते पहिलं काम. जाहिरातीत जो वेग छापतात तो एक मोठी फाइल सलग वाचण्याचा असतो. गेम तसं वाचत नाही. थोडा सलग तुकडा, मग इकडचे चार केबी, तिकडचे सोळा केबी, मग पुन्हा कुठली तरी यादी, असं त्याचं चालतं. अशा फुटकळ वाचनात किती एमबी आले याला फारसा अर्थ नसतो. सेकंदाला किती मागण्या पुऱ्या झाल्या, हे मोजायचं.

सॅमसंगनं २०१५ मध्ये फोनसाठी यूएफएस २.० चिप आणली, तेव्हा तिचे आकडे आधीच्या ईएमएमसी ५.० शेजारी मांडले होते. सलग वाचन ईएमएमसीचं सेकंदाला २५० एमबी, यूएफएसचं ३५०. म्हणजे दीडपटही नाही. पण फुटकळ वाचनाच्या मागण्या सेकंदाला ७,००० विरुद्ध १९,०००, म्हणजे २.७ पट. जुनं प्रकरण आहे, पण मुद्दा त्यात स्वच्छ दिसतो, म्हणून याच आकड्यांवर हिशेब करू.

समजा, एक मॅप उघडायला ५०० एमबी सलग वाचावं लागतं आणि शिवाय चार-चार केबीच्या ४२,००० मागण्या आहेत. त्या मागण्या मिळून जेमतेम १६५ एमबी होतात. ईएमएमसीवर सलग भागाला २ सेकंद लागतील आणि फुटकळ भागाला ६. यूएफएसवर सलग भागाला १.४ सेकंद, फुटकळला २.२. म्हणजे ८ विरुद्ध ३.६. ईएमएमसीकडे बघा: एकूण डेटाच्या पाव भागानं पाऊण वेळ खाल्ला. सलग वाचनाचा आकडा दाखवून कुणी फोन विकत असेल तर ही गंमत लक्षात ठेवा.

एवढी तफावत येते कुठून? मूळ फ्लॅश मेमरी दोन्हीकडे साधारण एकाच जातीची असते. बदलते ती प्रोसेसर आणि मेमरीमधली वाट, आणि त्या वाटेवरचे नियम.

ईएमएमसी ही मेमरी कार्डांच्या घराण्यातली. तिच्या डेटाच्या आठ तारा आहेत, पण त्यांवरून एका वेळी एकाच दिशेनं डेटा जातो: वाचा नाही तर लिहा. घाटातल्या एकेरी पुलासारखं, समोरून ट्रक येत असेल तर तुमची एसटी अलीकडेच उभी. त्यात ५.० पर्यंत मागण्यांची रांग लावायची सोयच नव्हती. एक मागणी द्या, ती पुरी होऊ द्या, मग दुसरी द्या. ५.१ मध्ये ३२ मागण्यांची रांग आली आणि परिस्थिती सुधारली, पण वाहतूक एकेरीच राहिली.

यूएफएसला जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी. एकीकडे लिहिणं चालू असताना दुसरीकडे वाचणं होतं, आणि पुष्कळ मागण्या एकदम दिल्या की आतला कंट्रोलर त्या सोयीनं लावून वेगवेगळ्या मेमरी थरांकडून एकाच वेळी उचलतो.

हे तुमच्या फोनवर डोळ्यांनी बघता येतं. प्ले स्टोअरवर एखादं मोठं अॅप अपडेट होत असताना, म्हणजे डाउनलोड संपून "इन्स्टॉल होत आहे" असं दिसत असताना, गेम उघडा. ईएमएमसीच्या फोनवर लोडिंगची पट्टी मध्येच गोठल्यासारखी होते, आणि इन्स्टॉल संपलं की पळायला लागते. यूएफएसच्या फोनवर पट्टी मंदावेल, पण अशी अडून बसणार नाही. तुम्ही रात्री खेळायला बसता आणि फोन त्याच वेळी फोटोंचा बॅकअप न् अपडेट काढून बसतो, तेव्हा तुमच्या आणि भावाच्या फोनमधलं अंतर आणखी वाढतं ते यामुळेच.

एक पोटकलम मात्र आहे. रांगेचा फायदा गेमनं रांग लावली तरच. काही जुने गेम एक फाइल मागतात, ती हातात आल्यावरच दुसरी मागतात. त्यांना १९,००० चा आकडा कधी दिसतच नाही, आणि भारी यूएफएसवरही ते तसेच रखडतात. ही चूक फोनची नाही, आमच्या धंद्यातल्या लोकांची आहे.

आता दुकानदारानं न सांगितलेला अर्धा भाग. वरच्याच मॅपला डीकॉम्प्रेस करून मांडायला तुमच्या प्रोसेसरला समजा १० सेकंद लागतात आणि भावाच्या प्रोसेसरला ५. कामं एकापाठोपाठ एक झाली तर तुमच्याकडे १८ सेकंद, त्याच्याकडे साडेआठच्या आसपास. साडेनऊ सेकंदांच्या फरकातले स्टोरेजचे साडेचारही नाहीत, उरलेले प्रोसेसरचे. नव्या फोनमध्ये सहसा दोन्ही गोष्टी एकदम सुधारलेल्या असतात आणि श्रेय एकट्या यूएफएसला मिळतं. याच कारणानं ईएमएमसीवरून यूएफएस २.१ किंवा २.२ वर आलात तर फरक ठळक जाणवतो. ३.१ वरून ४.० वर गेलात तर कागदावर वेग दुप्पट होतो, पण गेम जेमतेम काही क्षण आधी उघडतो, कारण तोवर सगळे प्रोसेसरची वाट बघत असतात.

तुमच्या फोनवर दोष कुणाचा, हे घरीच कळू शकतं. फोन रीस्टार्ट करा, दोन-तीन मिनिटं शांत राहू द्या, मग गेम उघडून मॅपपर्यंत किती वेळ लागतो ते मोजा. मग सेटिंगमधून गेम फोर्स स्टॉप करा आणि लगेच पुन्हा उघडून मोजा. पहिल्यांदा वाचलेल्या फाइल्स अँड्रॉइड मोकळ्या रॅममध्ये धरून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्या खेपेला स्टोरेजकडे फारसं जावं लागत नाही. दुसऱ्यांदा वेळ बराच उतरला तर अडचण स्टोरेजची होती. दोन्ही वेळा जवळपास सारखेच आले तर प्रोसेसर किंवा सर्व्हर. ही चाचणी गेम अपडेट झाल्या झाल्या करू नका, कारण तेव्हा पहिल्या खेपेला शेडर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होतात आणि आकडा फसवतो. आणि मागे दहा अॅप उघडी असतील तर रॅममध्ये काही टिकत नाही, मग दुसरी खेपही पहिल्यासारखीच जाते.

स्टोरेज कुठलं आहे याची खात्री करायची तर कंपनीच्या तपशिलात सहसा लिहिलेलं असतं. लिहिलं नसेल तर कधीकधी न लिहिण्यातच उत्तर असतं! संगणकावर एडीबी, म्हणजे अँड्रॉइड फोनला आज्ञा द्यायचं साधन, असेल तर क्वालकॉमच्या बहुतेक फोनवर हे चालतं:

```
adb shell getprop ro.boot.bootdevice
```

उत्तरात `ufshc` दिसलं तर यूएफएस, `sdhci` दिसलं तर ईएमएमसी. काहीच आलं नाही तर त्यावरून निष्कर्ष काढू नका, काही फोन हे नाव देतच नाहीत.

तुमचा फोन नवा असताना इतका हळू नव्हता असं वाटत असेल तर तेही खरं असू शकतं. फ्लॅशवर जुन्या पानावर थेट लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. स्टोरेज काठोकाठ भरलं की मोकळे ब्लॉक उरत नाहीत, मग कंट्रोलर ऐन वेळी इकडचा डेटा तिकडे हलवून जागा करतो, आणि एकेरी वाटेवर तुमचं वाचन तोवर थांबतं. त्यामुळे १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा, आणि ती केल्यावर फोन रात्रभर चार्जिंगला लावून ठेवा. पुसायच्या जागांची यादी चिपला कळवण्याचं काम अँड्रॉइड अशाच निवांत वेळी करतो. झिजलेल्या मेमरीत काही पानं एका झटक्यात नीट वाचता येत नाहीत, कंट्रोलरला पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा लागतो. त्यावर मात्र घरगुती इलाज नाही.

गेम मेमरी कार्डावर हलवला असेल तर आधी आत आणा. फोनमधली बहुतेक कार्डं यूएचएस-१ या वाटेवर चालतात, तिची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी, आणि ए१ शिक्का असलेल्या कार्डाची हमी सेकंदाला १,५०० फुटकळ वाचनांची. म्हणजे वरच्या हिशेबातल्या ४२,००० मागण्यांना हमीच्या वेगानं २८ सेकंद.

यूएफएस घेऊन खेळतानाचे फ्रेम वाढतील असं मात्र धरू नका. एकदा सगळं रॅममध्ये आलं की स्टोरेजचं काम संपतं. मोकळ्या मोठ्या मॅपच्या गेममध्ये पळता पळता पुढचा भाग मागवला जातो, तेवढ्यापुरते झटके कमी होतील, भिंतींवरची चित्रं धूसर न राहता लवकर स्पष्ट होतील.

नवा फोन घेताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका, तुम्ही घेताय त्या जीबीच्या प्रकाराचं स्टोरेज विचारा. गॅलेक्सी एस२३ मध्ये १२८ जीबीला यूएफएस ३.१ आहे आणि २५६ ला ४.०. तिथे फारसं बिघडत नाही. पण २०१७ मध्ये हुआवेच्या पी१० या एकाच मॉडेलच्या काही फोनमध्ये ईएमएमसी आणि काहींत यूएफएस निघालं होतं, आणि ते लोकांना वेग मोजून बघितल्यावर कळलं. स्वस्त फोन घेताना म्हणूनच दुकानातल्या डेमो फोनवर नाही, तर आपल्या हातात आलेल्या फोनवर, परत करायची मुदत संपायच्या आत स्टोरेज कुठलं आहे याची वरची तपासणी करून घ्या.