बरणीचं खोकं किती मोठं घ्यायचं?

"ताई, आम्ही पुढच्या महिन्यात बडोद्याहून टोरांटोला जातोय. आजीची लोणच्याची चिनी मातीची बरणी सोबत न्यायचीच आहे. झाकण काढून उंची 34 सेंमी, पोटाशी रुंदी 24 सेंमी, वजन साडेचार किलो. अगदी पक्की बसेल असं खोकं करून घेऊ की मोठं? प्रत्येक बाजूला किती जागा सोडायची?"

पक्कं बसणारं खोकं अजिबात करू नका. मी तेच केलं होतं. आमच्या दांडिया बाजारच्या घरातली काचेची हंडी बबल रॅपचे सात-आठ वेढे देऊन, तिच्याच मापाच्या खोक्यात ठासून बसवली होती. हलवून पाहिलं तर जराही आवाज नाही, म्हणून मी खूश. इथे आल्यावर उघडली तर एका बाजूला ताऱ्यासारखा तडा गेलेला. नंतर खोकं नीट पाहिलं तेव्हा कारण कळलं. हंडीचं पोट जिथे पुठ्ठ्याला टेकलं होतं, बरोबर तिथेच बाहेरून एक उथळ खळगा होता. बाकी खोकं नव्यासारखं. हलत नाही म्हणजे सुरक्षित आहे, हा माझा समज तिथेच मोडला. वस्तू हलू नये हे खरं, पण तिच्या आणि पुठ्ठ्याच्या मध्ये दबायला जागा हवी.

ती जागा किती हवी, याचा हिशोब अगदी साधा आहे. खोकं कोणाच्या हातातून सुटलं तर साधारण 75 सेंमीवरून पडतं. बरणी त्या वेगानं खाली येते आणि मधल्या मऊ थराला तिला थांबवायचं असतं. हा थर अर्धा सेंटिमीटर दबून संपला, तर 75 सेंमीत आलेला वेग अर्ध्या सेंटिमीटरमध्ये मारायचा. म्हणजे बरणीला तिच्या स्वतःच्या वजनाच्या दीडशे पट दाब सोसावा लागतो. तोच थर अडीच सेंटिमीटर दबला, तर तीस पट. हे ढोबळ आणि सरासरी आकडे आहेत, प्रत्यक्षातला सर्वांत मोठा झटका याहून जास्त असतो, पण फरक कुठून येतो ते लक्षात येईल. फोम साधारण अर्ध्यापर्यंत दबतो, त्यापुढे तो दगडासारखाच. अडीच सेंटिमीटर दबायला हवं असेल, तर थर पाच सेंटिमीटरचा लागतो. खाली, वर, चारी बाजूंना. खोकं कुठल्या बाजूवर पडेल ते आपल्या हातात नसतं, आणि वर 'धिस साइड अप' लिहिलं म्हणून पट्ट्यावरून घसरताना ते सरळच घसरेल असं नाही.

आता माप. बरणी गोल आहे, तेव्हा टेप पोटाभोवती गुंडाळून भागाकार करत बसू नका. जमिनीवर दोन जाड पुस्तकं उभी करा, मध्ये बरणी ठेवा, पुस्तकं दोन्हीकडून टेकवा आणि त्यांच्यामधलं अंतर मोजा. तुमचे 24 सेंमी असेच निघाले असतील तर ठीक. मग बबल रॅपचे दोन-तीन वेढे द्या आणि पुन्हा मोजा, कारण खोक्यात जाणार आहे ती गुंडाळलेली बरणी. सगळीकडून एकेक सेंटिमीटर वाढलं असं धरू. म्हणजे 26, 26 आणि उंची 36.

इथे बहुतेक जण चुकतात. पाच सेंटिमीटर सोडायचे म्हणून प्रत्येक मापात पाच मिळवतात. पण बाजू दोन आहेत, डावी आणि उजवी, म्हणून दहा मिळवायचे. उंचीतही तसंच, खालचे पाच आणि वरचे पाच. तुमचं खोकं आतून 36, 36 आणि 46 सेंमी हवं. आतून, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे खोकेवाले इंचात बोलतात. 36 सेंमी म्हणजे 14 इंचांच्या जरा वर, 46 म्हणजे 18 च्या जरा वर. तुम्ही दुकानात जाऊन '14 बाय 14 बाय 18' सांगाल, तोही लगेच काढून देईल. त्याला आधी विचारा, "भाई, हे माप आतलं की बाहेरचं?" पाच प्लायचा पुठ्ठा जवळपास 7 मिलिमीटर जाड असतो. माप बाहेरचं असेल तर 14 इंच म्हणजे 35.6 सेंमी, त्यातून दोन भिंतींचे 1.4 गेले, आत उरले 34.2. त्यातून गुंडाळलेल्या बरणीचे 26 काढा. राहिले 8.2, म्हणजे बाजूला चारच सेंटिमीटर. उंचीत याहून जास्त जातं, कारण वर दोन पाळ्या एकमेकींवर येतात आणि खालीही दोन. चार जाडींचे मिळून 2.8 सेंमी.

म्हणून मी तुम्हाला बाहेरून 15 बाय 15 बाय 20 इंचांचं, पाच प्लायचं खोकं सुचवेन. आतून ते 36.7, 36.7 आणि 48 सेंमी पडेल. उंचीत दोन सेंटिमीटर जास्तीचे मिळतात, ते सगळे तळाला द्या. तळाला सात, वर पाच. साडेचार किलो वजन प्रवासभर तळाच्याच थरावर बसून असतं, तो थोडा दबूनच पोचतो.

बहुतेक विमान कंपन्या चेक-इनच्या एका नगाला लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज 158 सेंमी आणि वजन 23 किलो अशी मर्यादा ठेवतात. तुमच्या तिकिटावर काय लिहिलंय ते पाहून घ्या. आपल्या खोक्याची बेरीज 127 होते, वजन जेमतेम सहा-साडेसहा किलो. कोणी सांगेल की खोक्यात खोकं घाला, तेच खरं पॅकिंग. सल्ला चांगला आहे, पण हिशोब करून बघा. 36, 36, 46 चं पाच प्लायचं आतलं खोकं बाहेरून 37.4, 37.4 आणि 48.8 होतं. त्याच्या चारी बाजूंना आणखी पाच सोडले आणि पुन्हा पाच प्लायचं खोकं घेतलं, की बाहेरचं माप 48.8, 48.8, 61.6. बेरीज 159.2. सव्वा सेंटिमीटरनं मर्यादा ओलांडली! आतलं खोकं तीन प्लायचं, म्हणजे अंदाजे 4 मिलिमीटरचं घेतलं, तर 156.8 मध्ये बसतं, पण खोकं जरा फुगलं की काउंटरवरची बाई टेप काढणारच. बरणी एका चांगल्या खोक्यात नीट बसवलेली असेल तर माझ्या मते पुरे आहे. दुहेरी खोकं मी हंडीसारख्या पातळ काचेसाठी राखून ठेवीन.

कुरिअरनं पाठवायचा विचार असेल तर हा आकार आणखी महाग पडतो. तिथे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 नं भागतात आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर पैसे त्याचेच घेतात. आतलं एकटं खोकं त्या हिशोबानं साडेतेरा किलोंच्या वर जातं, दुहेरी खोकं तर 29 किलोंच्याही वर. बरणी साडेचारचीच!

भरायला काय वापरायचं? ईपीई फोमच्या शीट मिळाल्या तर सर्वांत बरं, त्या दबून पुन्हा वर येतात. थर्मोकोल एकदा चेपला की चेपलेलाच राहतो, पहिल्या आपटण्याला वाचवतो, दुसऱ्याला नाही. पस्तीच्या कागदांचे गोळेही चालतात, फक्त ते घट्ट वळून दाटीनं भरा आणि खोकं रात्रभर तसंच ठेवा. सकाळी उघडलं की थर दोन बोटं खाली गेलेला दिसेल, पुन्हा भरा. गवत-पेंढा नको, सीमेवर अडवतात. गोळे आणि तुकडे सुटे टाकू नका, प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून त्यांच्या उशा करा. विमानतळावर तपासणीला खोकं उघडलं तर उघडणारा माणूस उशी उचलेल आणि परत ठेवेल. सुटे गोळे मात्र अर्धे टेबलाखाली जातील आणि तुमचे पाच सेंटिमीटर तिथेच राहतील.

कपडे भरावेत का, हे तुम्ही विचाराल. मऊ स्वेटर, शाल सैलसर भरली तर चालते. पण सूटकेसमध्ये ठासतो तसे कपडे ठासले की त्यांचीही भिंत होते. बरणीच्या आत मात्र नुसते हलके कागदाचे गोळे. आमची आजी म्हणायची, रिकामं भांडं कसं पाठवायचं, आणि तुमच्याकडेही कोणीतरी आत मेतकूट, भाजणी, चण्याच्या डाळीची पिशवी घालणार. घालू देऊ नका. दोन किलो वाढले की त्याच थराला साडेसहा किलो थांबवावे लागतात, तो पार तळाला बसतो. मेतकूट सूटकेसमध्ये न्या.

बंद करण्याआधी एवढं पाहा. वरच्या पाळ्या मिटवताना तळहातानं जरा दाबावं लागलं पाहिजे, पण खोकं मध्ये फुगायला नको. मग दोन्ही हातांनी उचलून हळूच उलटसुलट करा. बरणी सरकल्याचा धप्प आवाज आला, तर भरण कमी आहे. शंका असेल तर बरणीऐवजी त्याच वजनाची जुनी कुंडी तशीच गुंडाळून घाला आणि गुडघ्याच्या उंचीवरून सहाही बाजूंनी आणि एका कोपऱ्यावर सोडून पाहा. उघडल्यावर कुंडी मध्येच राहिली असेल तर बरणीही राहील. एखाद्या बाजूला सरकून पुठ्ठ्याला टेकलेली दिसली, तर त्या बाजूला थर वाढवा.

झाकण बरणीवर ठेवून नेऊ नका. ते काठावर आपटतं आणि बरणीचा काठच आधी टवका सोडतो. वेगळं गुंडाळून सूटकेसच्या मध्यभागी, कपड्यांच्या घड्यांत ठेवा. आणि बरणीच्या तोंडाला नुसता दादरा बांधा, आत भरलेले कागद जागेवर राहतात.