ती इमोजीत उत्तर देते? मग आधी ते उत्तर नीट वाचा

प्रश्न: भावाच्या साखरपुड्यात वहिनीच्या मैत्रिणीशी ओळख झाली. ती मुलुंडला राहते, मी परळला. समोर भरपूर बोलली, पण व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं ‘हो’, ‘😂’, ‘चल’. काल मी लिहिलं, ‘परवा खूप छान दिसत होतीस, नाचलीस पण भारी, कथक शिकलीयेस का? आणि ते शेवटचं गाणं कुठलं होतं? माझ्याकडून तर एक स्टेपही धड होत नाही.’ उत्तर आलं, ‘🙈 हो’. अशा मुलीशी फ्लर्ट करायचं तरी कसं? की तिला रसच नाही?

उत्तर:

मी स्वतः अशीच उत्तरं देते, म्हणून हा प्रश्न पाहिल्यावर राहवलं नाही. ‘🙈 हो’ हे पूर्ण उत्तर आहे. तुम्ही तिच्या दिसण्याचं कौतुक केलंत, त्यावर ती लाजली. कथकचं विचारलंत, त्यावर ‘हो’ म्हणाली. गाण्याचा प्रश्न आणि तुमची स्टेप मागे राहून गेली, कारण एका मेसेजात तुम्ही इतकं भरलंत की कशाला आधी हात घालावा हेच कळू नये. रस नसलेली मुलगी अशा मेसेजवर ‘थँक यू 🙏’ म्हणून मोकळी होते.

ती मुलुंडहून लोकलने कामाला जात असेल, तर तिच्या दिवसाची थोडी कल्पना देते. मी डोंबिवलीहून सीएसएमटीला जाते. सकाळच्या फास्टमध्ये लेडीज डब्यात एक हात वरच्या कडीला असतो, दुसऱ्यात फोन, आणि टायपिंग अंगठ्यावर. हे झालं साधं कारण. खरं कारण असं की त्या गर्दीत माझ्या खांद्यावरून निदान दोघीजणी तरी फोनमध्ये बघत असतात. घरी आल्यावर वन बीएचकेमध्ये आई शेजारी भाजी निवडत बसलेली असते आणि फोन ओट्यावर उताणा पडलेला असतो. अशा वेळी ‘तूही त्या दिवशी छान दिसत होतास’ असं कोण टाइप करणार? पण 🙈 पाठवता येतं. आईने पाहिलं तरी एक माकड दिसतं, बाकी काही नाही.

हीच गोष्ट उलट बाजूनेही लक्षात ठेवा. तुमचा मेसेज तिच्या लॉक स्क्रीनवर, कदाचित आईसमोर, झळकणार आहे. ‘काय दिसत होतीस यार ❤️🔥’ असं तिथे उमटलं की ती पटकन फोन पालथा घालते आणि उत्तर द्यायचं टाळते. पहिल्या ओळीत चारचौघांत चालेल असं काहीतरी लिहा. तुमच्या मनात काय आहे ते फक्त तिला कळेल, इतपत सूचक.

आता रस आहे की नाही, हे कसं ओळखायचं? उत्तराची लांबी सोडून द्या. ते उत्तर नेमकं तुमच्याच मेसेजला जोडलेलं आहे का, ते बघा. इन्स्टाग्रामवर मेसेजवर दोनदा टॅप केलं की आपोआप ❤️ उमटतं, त्याला ना वेळ लागतो ना विचार. व्हॉट्सअ‍ॅपवरही 👍, ❤️, 😂 ही मेसेज दाबून धरला की समोरच येतात. त्या लाल बदामावरून स्वप्नं रंगवू नका. पण तुम्ही पावसात भिजल्याचं लिहिलंत आणि तिने शोधून छत्री किंवा बदक पाठवलं, तर तिने तुमचा मेसेज वाचला, त्यावर विचार केला आणि कीबोर्ड खाली सरकवत बसली. ते एक बदक चार ओळींच्या बरोबरीचं आहे. दुसरं, ती इतरांना काय पाठवते ते ठाऊक करून घ्या. साखरपुड्याचा ग्रुप असेलच. तिथे कुणाच्या मावशीने टाकलेल्या मोदकांच्या फोटोलाही ती ❤️ देत असेल, तर तुम्हाला आलेलं ❤️ ही तिची रोजची सवय आहे. जे फक्त तुम्हालाच येतं, त्याला किंमत द्या. आणि तिसरं, ती आपणहून कधी काही पाठवते का? एखादा फोटो, एखादं रील, दोन दिवसांपूर्वीच्या विषयावर अचानक एक शब्द? आठवड्यातून एकदा जरी असं झालं, तरी तुम्ही तिच्या डोक्यात आहात.

तुमच्या लिहिण्यात काय बदलायचं, ते तुमच्याच मेसेजवर दाखवते. एका मेसेजात एकच गोष्ट घ्या, आणि ती अशी मांडा की एका चित्राने किंवा एका शब्दाने नीट उत्तर देता येईल. ‘खूप छान दिसत होतीस’ हे तिला त्या दिवशी वीस जण म्हणाले असतील. तिचं ‘हो’ आल्यावर हे लिहून बघा:

‘कथक! तरीच गिरकी घेताना ओढणी एकदाही सुटली नाही.’

एवढंच, पुढे प्रश्न नको. तुम्ही नीट बघत होता, हे तिला कळलं. आईने वाचलं तरी यात वावगं काही नाही. यावर 😄 आलं, 🙈 आलं, काहीही आलं की थोड्या वेळाने पुढचं:

‘लग्नात मला एक स्टेप शिकवायची. १) सोपी, २) माझी पूर्ण लाज जाईल अशी.’

ती बहुधा ‘२ 😂’ म्हणेल. टाइप करायला एक आकडा, पण तुमची चेष्टा करायची संधी तिला मिळाली. मग तुम्ही: ‘२ घेतलीस म्हणजे मी नाचताना तू समोर उभी राहून बघणार. ठरलं.’ फ्लर्टिंग हेच. यात गोड शब्द एकही नाही, तरी दोघं लग्नात एकमेकांसमोर उभे असल्याचं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं. ‘कसा गेला दिवस?’ असले प्रश्न मात्र अशा मुलीला विचारू नका. त्याचं उत्तर एक तर परिच्छेदभर असतं, नाही तर ‘ठीक’. ती ‘ठीक’ म्हणणार आणि तुम्ही पुन्हा हिरमुसणार.

माझा नवरा हे फार सुरेख करायचा. ओळख नवी होती तेव्हा त्याने एका संध्याकाळी दादरहून दोन चहावाल्यांचा फोटो पाठवला. शेजारी शेजारी दोन टपऱ्या, खाली फक्त ‘१ की २?’ मी गाडीत लोंबकळत होते, ‘२’ पाठवलं. त्याचं उत्तर: ‘चूक. २ चा पाणचट असतो. आता तुला १ चा पाजावाच लागणार.’ मी 😤 पाठवलं आणि घाटकोपर येईपर्यंत हसत होते. त्याने लगेच ‘मग कधी?’ असं टुमणं लावलं नाही. दुसऱ्या दिवशी नुसता एका कटिंगचा फोटो आला, वर ‘१’. त्यानंतर ‘१’ ही आमची खूण झाली. कुठूनही ‘१’ आला की आठवण काढली आहे, एवढा त्याचा अर्थ. बाहेरच्याला तो नुसता आकडा दिसायचा.

तुम्ही तिच्याइतकंच तोकडं लिहायला लागू नका. दोन्हीकडून नुसत्या इमोजी जाऊ लागल्या की चार दिवसांत बोलणं आटतं, कारण धरून पुढे जायला शब्दच उरत नाही. तिच्यापेक्षा एक पायरी जास्त बोला. ती इमोजी पाठवत असेल तर तुम्ही एक वाक्य लिहा, ती एक वाक्य लिहीत असेल तर तुम्ही दोन. आणि उत्तर येईपर्यंत दुसरा मेसेज नको. ‘??’, ‘बिझी का?’, ‘काही चुकलं का माझं?’ हे तर अजिबात नको. कल्याणच्या गर्दीत फोन पर्समधून बाहेरच निघत नाही, आणि घरी पोचून बघावं तर असे तीन मेसेज. उत्तर द्यायची सगळी इच्छाच जाते.

चेष्टा थोडी वाढवलीत आणि 😅 किंवा कोरडं 🙂 आलं, तर एक पायरी खाली या आणि साधं काहीतरी बोला. इमोजीचा अर्थ माणसागणिक बदलतो, पण नेहमी 😂 देणारी मुलगी अचानक 🙂 वर आली, तर तो बदल खरा असतो. आणि 😘 आलं तरी त्यावरून शारीरिक जवळिकीचं बोलणं सुरू करू नका. त्याला तिची स्पष्ट संमती लागते, आणि ती चित्रातून घ्यायची नसते.

चॅटवर फार दिवस काढूही नका. ती समोर भरपूर बोलते हे तुम्हीच लिहिलंय, मग तिला तिथेच भेटा जिथे तिला बोलता येतं. बोलावणंही तिच्या सवयीचंच हवं: ‘शनिवारी ५ ला दादर. प्रकाशमध्ये पीयूष, मग शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एक चक्कर. जमणार असेल तर 👍, नसेल तर 🙅‍♀️. दोन्ही चालेल.’ दिवस, वेळ, जागा सगळं ठरलेलं आहे, मुलुंडहून सेंट्रलने सरळ येता येतं, आणि नाही म्हणायची वाटही तुम्हीच मोकळी ठेवलीत. ‘कधीतरी भेटूया ना’ला ‘हो’ म्हणणं सोपं असतं, म्हणून त्या ‘हो’वरून काहीच कळत नाही.

🙅‍♀️ आलं आणि सोबत ‘रविवारी?’ असा एक शब्द आला, तर काम झालं. नुसतंच 🙅‍♀️ आलं तर दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मधे एखादा साधा मेसेज पाठवा, मग आणखी एकदा विचारा. तेव्हाही नकार आला आणि तिच्याकडून दुसरा दिवस सुचवला गेला नाही, तर तिला नको आहे असं समजा आणि मेसेज थांबवा. कारण विचारू नका, वहिनीला मध्ये घालू नका, स्क्रीनशॉट तर कुणालाच दाखवू नका. ती वहिनीची मैत्रीण आहे, लग्नात, बारशात भेटत राहणार. तिला तुम्हाला बघून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसावंसं वाटू नये.