‘सरासरीच्या नियमाने आता तरी...’: हा नियम कोणता?

प्रश्न: ‘ओळीने इतक्या नाणेफेकी हरल्यावर सरासरीच्या नियमाने आता तरी कौल आपल्या बाजूने लागायलाच हवा,’ असं समालोचनात नेहमी ऐकतो. हा सरासरीचा नियम म्हणजे गणितातला मोठ्या संख्यांचा नियमच ना? मग काही जण हा वापर चुकीचा का म्हणतात?

उत्तर: नाही, दोन्ही एक नाहीत. मोठ्या संख्यांचा नियम हे सिद्ध झालेलं प्रमेय आहे: एकच प्रयोग खूप वेळा केला, की निकालाचं प्रमाण त्याच्या शक्यतेच्या जवळ येत जातं. याकोब बर्नुलीची सिद्धता १७१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘सरासरीचा नियम’ हा बोलण्यातला वाक्प्रचार आहे, आणि तो अशी एक गोष्ट गृहीत धरतो जी प्रमेयात कुठेच नाही: मागची तूट पुढे भरून निघते.

समजा, नाणं दहा वेळा उडवलं आणि दहाही वेळा छापा आला. आता आणखी हजार वेळा उडवलं, तर त्यातून साधारण पाचशे छापे आणि पाचशे काटे अपेक्षित आहेत. एकूण १०१० फेकींत ५१० छापे, म्हणजे ५०.५ टक्के. शंभर टक्क्यांवरून प्रमाण निम्म्याजवळ आलं, पण छाप्यांची दहाची आघाडी जशीच्या तशी राहिली. काट्यांनी ती फेडलेली नाही. हजार फेकींच्या गर्दीत तिचं वजन उरलं नाही, एवढंच. प्रमेय प्रमाणाबद्दल बोलतं, फरकाबद्दल नाही. ‘आता काटा यायला हवा’ म्हणणारा नेमकी इथे गल्लत करतो. या चुकीला ‘जुगाऱ्याचा तर्कदोष’ म्हणतात, आणि मला ते नाव योग्य वाटतं, कारण हा दोष तर्काचा आहे आणि तो पैशांतही मोजावा लागतो.

किती, ते इटलीत दिसलं. तिथल्या सरकारी लोट्टोत प्रत्येक शहराच्या चक्रातून १ ते ९० पैकी पाच आकडे निघतात. बराच काळ न निघालेल्या आकड्यांना तिथे ‘रितार्दातारी’ म्हणतात, म्हणजे उशीर झालेले. या शब्दातच फसगत आहे, कारण उशीर व्हायला आधी वेळ ठरलेली असावी लागते. व्हेनिसच्या चक्रातला ५३ हा आकडा मे २००३ नंतर निघेनाच. लोक त्यावर वाढत्या रकमा लावत गेले, कर्जं काढली, काही आत्महत्यांच्याही बातम्या आल्या. ९ फेब्रुवारी २००५ ला तो निघाला, तोवर त्या एका आकड्यावर साडेतीन अब्ज युरोंहून जास्त रक्कम लागल्याचं तेव्हा छापून आलं होतं.

त्यांचा युक्तिवाद वरवर पटणारा होता. एका सोडतीत ५३ निघण्याची शक्यता ९० मध्ये ५, म्हणजे अठरात एक. सलग १८२ सोडती तो न निघण्याची शक्यता सुमारे तेहतीस हजारांत एक. इतकी दुर्मिळ गोष्ट आणखी किती ताणणार? पण तेहतीस हजारांत एक हे उत्तर पहिल्या सोडतीआधी विचारलेल्या प्रश्नाचं आहे. १८१ सोडती कोरड्या गेल्यावर ती दुर्मिळ गोष्ट जवळजवळ घडून गेलेली असते. उरते एकच सोडत, आणि तिच्यात शक्यता पुन्हा अठरात एकच. शिवाय दहा चक्रं आणि प्रत्येकाचे नव्वद आकडे मिळून नऊशे आकड्यांवर लोकांची नजर होती. त्यातला एखादा फार रखडणं तितकंसं नवलाचं नाही. आणि बरोबर आकड्याला लावलेल्या रकमेच्या साधारण अकरा पट मिळत, जिथे न्याय्य हिशोबाने अठरा पट मिळायला हव्यात. म्हणजे सरासरी प्रत्येक युरोतले साठ-बासष्ट सेंटच परत येणार. आकडा कितीही रखडला तरी त्यात फरक पडत नाही.

गणितातला ‘स्वतंत्र’ हा शब्द इथे लागतो. एकाच सोडतीच्या आत पाच आकडे स्वतंत्र नसतात. निघालेला आकडा परत टाकत नाहीत, म्हणून पहिला ५३ नसेल तर दुसरा ५३ असण्याची शक्यता नव्वदात एकऐवजी एकोणनव्वदात एक होते. इथे ‘आता शक्यता वाढली’ हे अगदी खरं. पण पुढच्या सोडतीला नव्वदच्या नव्वद आकडे पुन्हा आत असतात. मागचं काहीच पुढे जात नाही. म्हणून ‘आता तरी’ म्हणण्याआधी विचारावं, मागच्या निकालाने पुढच्या वेळच्या साहित्यात नक्की काय बदललं? काढलेली पानं परत न टाकलेल्या पत्त्यांच्या गड्डीत बदलतं, नाण्यात नाही.

फलंदाजाबद्दल हाच वाक्प्रचार वापरतात, तिथे थोडं वेगळं आहे. चांगला खेळाडू चार डाव लवकर बाद झाला, तर पाचव्यात तो त्याच्या नेहमीच्या सरासरीच्या आसपास खेळेल ही अपेक्षा रास्त आहे, दुखापत वगैरे नसेल तर. पण चार डावांच्या राहिलेल्या धावा पाचव्यात वसूल होतील, हे त्यातून निघत नाही. तिथे ‘तो नेहमीसारखा खेळेल’ म्हणावं. नाणेफेकीसाठी ‘निम्मी शक्यता आहे’ एवढंच पुरे.