छातीला शेक दिला होता, म्हणून स्तनांचा एमआरआय

प्रश्न: बहिणीला 19व्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा झाला होता. केमोच्या चार सायकल आणि छातीला रेडिएशन झालं. आता ती 31 वर्षांची आहे, ठणठणीत आहे. नवीन डॉक्टर दरवर्षी स्तनांचा एमआरआय करा म्हणतात. जुना आजार परत येतोय की नुसता पैसे काढायचा प्रकार आहे?

उत्तर:

दोन्ही नाही. हॉजकिन परत यायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या काही वर्षांतच येतो. डॉक्टरांचा डोळा आहे तो वेगळ्याच, नव्याने होऊ शकणाऱ्या कॅन्सरवर, आणि त्याचं मूळ जुन्या उपचारात आहे. मी गेली अनेक वर्षं रेडिएशन विभागात फिजिसिस्ट म्हणून काम करते. कुणाला किती डोस, कुठून कुठपर्यंत, हे आखणं हेच माझं काम.

रेडिएशनने पेशीतला डीएनए तुटतो. कॅन्सरच्या पेशी त्यात मरतात, पण वाटेत आलेल्या चांगल्या पेशींपैकी काही जगतात आणि तुटलेलं चुकीचं जोडून घेतात. त्यातून गाठ व्हायला सहसा आठ-दहा वर्षं तरी जातात, कधी तीस. केमोचं गणित निराळं. सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांनंतर क्वचित रक्ताचा कॅन्सर होतो, तो साधारण पाच-सात वर्षांत. इटोपोसाइडनंतर त्याहून लवकर, एक ते तीन वर्षांत. पुढे हा धोका ओसरत जातो. हॉजकिनला बहुधा एबीव्हीडी हा चार औषधांचा संच देतात आणि त्यात हा धोका मुळातच फार कमी. म्हणजे त्या बाजूने तुमची बहीण बरीच निर्धास्त आहे. छातीचं घड्याळ मात्र आत्ता कुठे सुरू झालंय.

बहुतेक रुग्णांमध्ये रेडिएशनमुळे वाढणारा धोका थोडाच असतो. साठीच्या बाईंना शेक दिला तर मी याचा फारसा विचारही करत नाही. पण विशीच्या आतबाहेर स्तनाच्या पेशी अजून वाढत असतात, आणि तिथे हिशेब बदलतो. लहानपणी किंवा तरुणपणी छातीला रेडिएशन घेतलेल्या स्त्रियांच्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात पन्नाशीपर्यंत 100 पैकी सुमारे 30 जणींना स्तनाचा कॅन्सर झाला. तिथल्या इतर बायकांत हा आकडा 4च्या आसपास. बीआरसीए 1 जनुकात दोष असलेल्यांइतकाच हा धोका. यातल्या बऱ्याच जणींना जुन्या पद्धतीने, मोठ्या भागावर आणि जास्त डोस दिला होता. आता भाग लहान असतो, डोसही 20 ते 30 ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप), त्यामुळे बहिणीचा धोका याहून कमी असावा. पण नाहीच असं नाही.

म्हणून नियम असा: छातीला 10 ग्रे किंवा जास्त डोस मिळाला असेल तर रेडिएशननंतर 8 वर्षांनी किंवा वयाच्या 25व्या वर्षी, यातलं जे नंतर येईल तेव्हापासून दरवर्षी तपासणी. बहिणीचं 19 अधिक 8 म्हणजे 27. चार वर्षं आधीच उलटली आहेत, तेव्हा डॉक्टरांनी घाई केलेली नाही.

एमआरआयच का, तर तरुण स्तन दाट असतात. मॅमोग्राफीत ते पांढरे दिसतात आणि गाठही पांढरीच. उलट बारीक कॅल्शियमचे ठिपके एमआरआयमध्ये सुटतात, ते मॅमोग्राफीत दिसतात. म्हणून डॉक्टर दोन्ही सांगतील. "आधीच एवढं रेडिएशन झालंय, वर पुन्हा एक्स-रे?" असं घरचे हमखास विचारतात. एका मॅमोग्राफीत स्तनाला सुमारे 4 मिलिग्रे मिळतात. उपचारात 30 ग्रे, म्हणजे 30,000 मिलिग्रे दिले असं धरा. तेवढं व्हायला साडेसात हजार मॅमोग्राफी लागतील.

लवकर सापडण्याला इथे जास्तच किंमत आहे. त्याच जागी पुन्हा शेक देणं अवघड असतं, त्यामुळे नुसती गाठ काढून शेक देण्याऐवजी बऱ्याचदा पूर्ण स्तन काढावा लागतो. एबीव्हीडीतल्या अॅड्रियामायसिनलाही आयुष्यभराची मर्यादा असते (हृदयासाठी), आणि तिचा काही भाग बहिणीने वापरून टाकलाय. गाठ लहान असताना सापडली तर या औषधाची गरजच पडणार नाही अशी शक्यता वाढते.

आता एक काम करा. जुन्या हॉस्पिटलातून रेडिएशनचा सारांश मागवा: किती ग्रे, कुठल्या भागावर, काखा धरल्या होत्या का. एकदा एक बाई आमच्याकडे आल्या, त्यांची फाइल केव्हाच रद्दीत गेलेली. पण छातीच्या मध्यावर आणि दोन्ही कुशींना टाचणीच्या डोक्याएवढे निळे ठिपके होते, रोज त्याच जागी शेक बसावा म्हणून गोंदलेले. त्यांना ते तीळ वाटायचे. त्यावरून भाग कुठवर होता याचा अंदाज बांधता आला, डोसचा नाही. बहिणीला असे ठिपके आहेत का, ते आरशात बघायला सांगा.