बँकेचं अॅप म्हणतं, ‘फोन रूटेड आहे’: दाद कोणाकडे मागायची?

प्रश्न: सोलापुरात नवी पेठेतल्या एका दुकानातून ९,५०० रुपयांना जुना फोन घेतला, पक्की पावती आहे. बँकेचं अॅप आधी ‘डेव्हलपर ऑप्शन्स बंद करा’ म्हणालं. ते बंद केले, तर आता ‘फोन रूटेड आहे’ म्हणून उघडतच नाही. पगार खात्यात अडकलाय. बँकेवर केस करता येईल का? मित्र म्हणतो, रूट लपवायचं अॅप टाक.

उत्तर: बँकेवर केस टिकणार नाही. दुकानदारावर मात्र टिकू शकते.

डेव्हलपर ऑप्शन्स ही सेटिंग्जमधली साधी खिटी आहे, बंद केली की काम भागतं. रूट म्हणजे फोनच्या मूळ व्यवस्थेचं कुलूपच काढलेलं असणं. अशा फोनमध्ये दुसरं एखादं अॅप बँकेच्या अॅपमध्ये डोकावून पिन, ओटीपी वाचू शकतं. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ च्या डिजिटल पेमेंट सुरक्षा निर्देशांत, रूटेड फोनवर अॅप चालू न देण्याची शक्यता तपासा, असं बँकांना सांगितलं आहे. शिवाय तुमचे पैसे कोणी रोखलेले नाहीत. एटीएम, शाखा, संगणकावरचं नेटबँकिंग हे मार्ग खुले आहेत.

मित्राचा सल्ला ऐकू नका. स्वतःचा फोन रूट करणं हा काही गुन्हा नाही. पण उद्या खात्यातून पैसे गेले, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान, बँकेला कळवेपर्यंतचं, ग्राहकानेच सोसायचं असतं. निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे खरी; पण अॅपने बजावल्यावरही रूट लपवलं, हा पुरावा तुम्हीच तिच्या हातात द्याल.

आता दुकानदार. फोन रूटेड असल्याचं न सांगता विकला, हा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दोषयुक्त मालाचा मुद्दा होतो. मात्र फोन दुरुस्त करण्याआधी पुरावा गोळा करा, इथेच बहुतेक जण चुकतात. मूळ सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं की फोनमधला डेटा जातो आणि रूटची खूणही पुसली जाते. दुकानदार मग म्हणेल, ‘रूट होताच कुठे?’ म्हणून अॅपच्या संदेशाचा स्क्रीनशॉट घ्या. फोन सुरू होताना बूटलोडर, म्हणजे फोनची व्यवस्था चालू करणारा प्रोग्राम, अनलॉक असल्याचा इशारा दिसत असेल, तर दुसऱ्या फोनने त्याचा व्हिडिओ काढा. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये अबाउटखाली फोन प्रमाणित आहे की नाही हे दिसतं, त्याचाही फोटो ठेवा. पावतीवर आयएमईआय क्रमांक आहे ना, तो `*#06#` दाबून जुळवून पाहा. जुळला नाही, तर ‘हा फोन आमचा नव्हेच’ म्हणायला दुकानदार मोकळा.

मग पोचपावतीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा: पंधरा दिवसांत पैसे परत करा, नाहीतर फोन बदलून द्या. दाद दिली नाही, तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, खरेदीपासून दोन वर्षांच्या आत, तक्रार करा. एवढ्या रकमेला फी नाही, वकीलही लागत नाही. हाच फोन दुकानाऐवजी ओळखीच्या माणसाकडून घेतला असता, तर आयोगाची ही वाट तुम्हाला मिळाली नसती.